आधी पूर्ण ऐकावे, मग सुधारावे

मराठी मातृभाषा नसलेल्या प्रौढांना मराठी बोलायला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे पुस्तक आहे. बदलीवर आलेले बँक अधिकारी, रुग्णालयांतल्या परिचारिका, लग्नानंतर मराठी घरात आलेल्या सुना, पुण्या-मुंबईत नोकरीसाठी स्थायिक झालेले अभियंते असे या वर्गांतले विद्यार्थी असतात. त्यांपैकी बहुतेकांना लिपी फारशी अडवत नाही आणि मराठी ऐकून बरीचशी समजतेही. गाडी अडते ती बोलताना. या वर्गांत शिक्षकाच्या हातून सर्वांत जास्त वेळा होणारी एक क्रिया आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिला कोणी अध्यापनपद्धती म्हणतही नाही. विद्यार्थी म्हणतो, ‘मी वांगी घेतलो’, शिक्षक तत्क्षणी म्हणतात, ‘घेतली’, विद्यार्थी मान डोलावून ‘हो, घेतली’ म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात ‘कोथिंबीर घेतलो’ म्हणून मोकळा होतो. या क्रियेला पर्याय म्हणून जी पद्धत सुचवली जाते तिला विलंबित सुधारणा म्हणता येईल: बोलणे चालू असताना अडवायचे नाही, चुका टिपून ठेवायच्या आणि बोलणे संपल्यावर त्यांवर काम करायचे. पद्धत ऐकायला सोपी आहे आणि म्हणूनच ती अर्धवट वापरली जाते. या प्रस्तावनेत एकच म्हणणे मांडायचे आहे. उशीर हा स्वतःहून गुणकारी नसतो. उशीर केल्याने शिक्षकाच्या हाती पुरावा जमतो आणि विद्यार्थ्याचे लक्ष मोकळे होते, एवढेच घडते. त्या पुराव्याचा आणि त्या मोकळ्या लक्षाचा उपयोग केला नाही, तर उशिरा सुधारणे आणि न सुधारणे यांत काही फरक उरत नाही.

पुराव्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण विलंबित सुधारणेच्या बाजूने बोलणारेही त्याकडे दुर्लक्ष करतात. ‘अडवले की विद्यार्थी बुजतो’ हे कारण सगळे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण न बुजणारे विद्यार्थी भरपूर असतात, आणि त्यांनाही अडवणे तोट्याचेच ठरते. ते का, हे एका नमुन्यावरून पाहू. पुण्यात बदली होऊन आलेला, मातृभाषा कन्नड असलेला एक बँक अधिकारी आपल्या सुट्टीच्या दिवसाबद्दल तीन मिनिटे बोलतो आहे अशी कल्पना करा. त्याचे बोलणे साधारण असे असेल: ‘काल रविवार होता. सकाळी मी मंडईत गेलो. पाऊस होता, पण मी छत्री विसरलो. तिथे भाजी चांगली होती. मी एक किलो वांगी घेतलो, कोथिंबीर घेतलो. एक दुकानमध्ये नारळ पण घेतलो. दुकानदार ऐंशी रुपये बोलला. मी त्याला शंभर रुपये दिलो. घरी बायको भाजी बनवली. आपण सगळे पोटभर जेवलो.’ पहिल्याच ‘घेतलो’ला शिक्षकाने ‘घेतली’ म्हणून अडवले असते, तर त्याच्या हाती काय लागले असते? एक चुकलेले रूप, इतकेच. ती जिभेची घसरण होती, की वांगी या शब्दाचे लिंग त्याला ठाऊक नव्हते, की मराठीच्या भूतकाळाची रचनाच त्याच्या डोक्यात वेगळी बसली आहे, हे त्या एका वाक्यावरून ठरवता येत नाही. एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच हा भेद मांडला होता. थकव्याने किंवा गडबडीत होणारी चूक आणि विद्यार्थ्याच्या मनातल्या अपुऱ्या व्याकरणातून नियमाने येणारी चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिकवण्याच्या दृष्टीने दुसरीच मोलाची आहे. पण दुसरी ओळखण्यासाठी ती पुन्हा पुन्हा घडू द्यावी लागते.

आता हेच बोलणे पूर्ण ऐकून, शब्दशः टिपून मग वाचले, तर चित्र किती बदलते ते पाहा. ‘घेतलो’ तीनदा आले आहे आणि ‘दिलो’ एकदा. वांगी, कोथिंबीर, नारळ, रुपये ही कर्मे वेगवेगळ्या लिंगवचनांची असूनही क्रियापद बदललेले नाही. म्हणजे ही घसरण नव्हे. लिंगाचे अज्ञानही नव्हे, कारण ‘भाजी चांगली होती’ हे वाक्य त्याने बिनचूक म्हटले आहे. त्याने क्रियापद प्रत्येक वेळी स्वतःप्रमाणे, म्हणजे कर्त्याप्रमाणे चालवले आहे. कन्नडमध्ये क्रियापद असेच चालते. भूतकाळात सकर्मक क्रियापदाने कर्माकडे वळायचे ही मराठीची रीत तिथे नाही. शिवाय मराठीनेच त्याला फसवायला काही रूपे ठेवली आहेत. ‘मी छत्री विसरलो’, ‘मी मराठी शिकलो’, ‘मी चहा प्यायलो’ या वाक्यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. ही वाक्ये तो रोज ऐकतो, आणि त्यांच्यावरून ‘मी वांगी घेतलो’ हे रूप बनवणे ही त्याच्या बाजूने अगदी तर्कशुद्ध गोष्ट आहे. सर्वांत बोलका पुरावा तर ‘बायको भाजी बनवली’ या वाक्यात आहे. ‘बनवली’ हे रूप ऐकायला बरोबर वाटते, पण ते योगायोगाने बरोबर आहे. इथेही क्रियापद कर्त्याप्रमाणेच, म्हणजे बायकोप्रमाणे चालले आहे. भाजीही स्त्रीलिंगीच असल्यामुळे चूक झाकली गेली, आणि उघडे पडले ते फक्त ‘ने’ गळाल्याचे. जागच्या जागी सुधारणाऱ्याला ही पाच वाक्ये म्हणजे पाच सुट्या चुका वाटतील. पूर्ण ऐकणाऱ्याला दिसेल की ती एकाच कारणाची पाच रूपे आहेत. अडवल्याने विद्यार्थ्याचा ओघ तुटतो हे खरे, पण शिक्षकाचे निदानही त्याच वेळी तुटते, आणि माझ्या मते हे नुकसान मोठे आहे.

दुसरा मुद्दा विद्यार्थ्याच्या लक्षाचा. विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये बोलण्याच्या प्रक्रियेचा जो आराखडा मांडला, त्यात तीन कामे आहेत: काय सांगायचे ते ठरवणे, त्यासाठी शब्द आणि रूपे जुळवणे, आणि ते उच्चारणे. या सगळ्यावर नजर ठेवणे हे आणखी एक काम बोलणारा स्वतःच करत असतो. मातृभाषेत शब्द आणि रूपे आपोआप जुळतात, म्हणून लक्ष आशयाकडे राहते. नव्या भाषेत जुळवणीच इतके लक्ष खाते की मंडईतल्या घटनांचा क्रम सांभाळणेही जड जाते. अशा वेळी बाहेरून आलेला ‘घेतली’ हा शब्द त्याच तुटपुंज्या लक्षावर हक्क सांगतो. विद्यार्थी तो शब्द पोपटासारखा परत म्हणतो, कारण तसे केल्याने सुटका होते आणि नारळाकडे वळता येते. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी कॅनडातल्या, फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वर्गांत शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा हेच करत होते: विद्यार्थ्याचे चुकलेले वाक्य बरोबर करून सहज म्हणून दाखवत होते. त्यावर विद्यार्थ्यांकडून काही ना काही प्रतिसाद आला तो जेमतेम एकतृतीयांश वेळा. उलट, शिक्षकाने उत्तर न देता विद्यार्थ्याकडूनच बरोबर रूप काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा प्रतिसाद प्रत्येक वेळी मिळाला. या अभ्यासाचा विषय सुधारणेची वेळ हा नव्हता, तिचा प्रकार हा होता. पण आपल्याला त्यातून जे घ्यायचे ते स्पष्ट आहे. विद्यार्थ्याने रूप स्वतः शोधायला हवे, आणि शोधायला मन रिकामे हवे. बोलणे चालू असताना ते रिकामे नसते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायला हवी. सुधारणा तत्काळ करावी की उशिरा, यावर थेट प्रयोग झाले आहेत, आणि ते विलंबाचा जयजयकार करत नाहीत. ली, झू आणि एलिस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिनी शाळकरी मुले इंग्रजीतला भूतकाळी कर्मणी प्रयोग नव्यानेच शिकत होती. वाक्य बरोबर की चूक हे ओळखण्याच्या चाचणीत तत्काळ सुधारणा मिळालेल्या गटाची काहीशी सरशी झाली. बोलून दाखवण्याच्या चाचणीत मात्र कोणत्याच गटाला तसा लाभ दिसला नाही. मग विलंबाचा आग्रह कशासाठी? उत्तर प्रयोगाच्या मांडणीतच आहे. तिथे एकच रचना शिकवायची होती, ती नवी होती, आणि कोणती चूक येणार हे शिक्षकाला आधीच ठाऊक होते. निदान करून झालेले होते. अशा वेळी थांबण्यात मिळवण्यासारखे काही नसते, आणि चूक घडताच बरोबर रूप शेजारी ठेवणे हिताचेच असते. मोकळ्या बोलण्यात परिस्थिती उलटी असते. तिथे काय येणार हे शिक्षकाला माहीत नसते, चुका अनेक प्रकारच्या येतात, आणि त्यांतल्या कोणत्या मोलाच्या हेच आधी ठरवायचे असते. म्हणून ‘तत्काळ की उशिरा’ हा प्रश्न सरसकट विचारणेच चुकीचे आहे. ज्या तासाला कर्मणी प्रयोगाचा सराव चालू आहे, प्रत्येकजण ‘मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला’ अशी वाक्ये करतो आहे, त्या तासाला ‘पोळी खाल्लो’ आले की तिथेच थांबवावे. ज्या तासाला कोणी आपला रविवार सांगतो आहे, तिथे थांबवू नये. हे पुस्तक दुसऱ्या प्रकारच्या तासाबद्दल आहे.

आता कृती. बारा जणांचा वर्ग आणि दीड तासाचा वेळ धरला, तर बोलण्याच्या कामाला अर्धा तास आणि सुधारणेला वीस मिनिटे असा हिशेब ठेवावा. तिघातिघांचे चार गट करावेत; प्रत्येकाने तीन-तीन मिनिटे सांगावे, बाकीच्या दोघांनी ऐकून प्रश्न विचारावेत. शिक्षकाने एका गटाजवळ थोडे मागे बसावे आणि वहीत लिहावे. काय लिहावे याला महत्त्व आहे. ‘भूतकाळाची चूक’ अशी नोंद निरुपयोगी असते, कारण अर्ध्या तासाने त्यातून काहीच परत मिळत नाही. ‘एक किलो वांगी घेतलो, कोथिंबीर घेतलो’ असे बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, आणि चूक नसलेली पण अर्थपूर्ण वाक्येही लिहावीत. आपल्या नमुन्यातले ‘मी छत्री विसरलो’ आणि ‘भाजी चांगली होती’ ही वाक्ये टिपली नसती तर निदान अपुरे राहिले असते. सगळे टिपता येत नाही, टिपायचा हट्टही नको. एका तासाला दोन गट नीट ऐकले आणि पुढच्या तासाला उरलेले दोन, तरी पुरे. फोनवर ध्वनिमुद्रण करायची विद्यार्थ्यांची तयारी असेल तर चांगलेच, पण ते ऐकायला शिक्षकाला नंतर तेवढाच वेळ लागतो, म्हणून रोजच्या कामाला वहीच खरी. लिहिताना चेहऱ्याकडे लक्ष असू द्यावे. चूक ऐकताच भुवई उंचावणे किंवा लगेच पेन उचलणे हीसुद्धा अडवणूकच आहे. प्रौढ विद्यार्थ्याला ती शब्दांइतकीच ऐकू येते. यावर साधा उपाय म्हणजे चूक नसतानाही अधूनमधून लिहीत राहणे.

मग निवड. अर्ध्या तासात वहीत पंचवीस-तीस वाक्ये सहज जमतात आणि ती सगळी फळ्यावर मांडण्याचा मोह होतो. त्यांतली पाच-सहाच घ्यावीत. निवडीचे निकष दोन: अर्थ बदलला का, आणि चूक नियमाने येते का. आपल्या नमुन्यात ‘आपण सगळे पोटभर जेवलो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण ऐकणाऱ्याला त्यात गोवते. तो तर तिथे नव्हताच. इथे ‘आम्ही’ हवे होते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद आजच्या कन्नडमध्ये नाही, हिंदीतही नाही, म्हणून अनेकांना तो दिसतच नाही, आणि कार्यालयात ‘उद्या आपण भेटू’ व ‘उद्या आम्ही भेटू’ यांतला फरक चांगलाच महागात पडू शकतो. ‘घेतलो’ची मालिका दुसऱ्या निकषाने घ्यावी. ‘एक दुकानमध्ये’ हे सामान्यरूपाचे उदाहरण आहे, ‘एका दुकानात’ हवे. पण ते एकदाच आले आहे, म्हणून त्याची नोंद ठेवून ते पुढच्या वेळेसाठी राखावे. ‘दुकानदार ऐंशी रुपये बोलला’ हे तर सोडूनच द्यावे. ‘म्हणाला’च्या जागी ‘बोलला’ हे मुंबईत लाखो मराठी माणसे रोज म्हणतात. एवढे ठरवायलाही थोडा वेळ लागतो, आणि तो मिळतो म्हणूनच थांबण्यात अर्थ आहे. बोलण्याच्या ओघात सुधारणारा शिक्षक निवड करत नाही. जे कानाला आधी खटकते तेच सुधारतो, आणि कानाला आधी खटकते ते बहुधा सर्वांत महत्त्वाचे नसते.

फळ्यावर वाक्ये मांडताना ती कोणाची आहेत हे सांगू नये, आणि सगळी चुकलेली मांडू नयेत. आपल्या उदाहरणात फळ्यावर अशी सहा वाक्ये येतील: ‘मी मंडईत गेलो’, ‘मी छत्री विसरलो’, ‘मी वांगी घेतलो’, ‘मी नारळ घेतलो’, ‘मी शंभर रुपये दिलो’, ‘बायको भाजी बनवली’. यांतली दोन बरोबर आहेत एवढेच सांगावे आणि जोड्यांना तीन-चार मिनिटे द्यावीत. बरोबर वाक्ये मिसळल्याने विद्यार्थ्याला प्रत्येक वाक्य खरोखर वाचावे लागते. नाहीतर फळ्यावर आले म्हणजे चुकलेच, असे तो गृहीत धरतो. जोड्यांकडून उत्तरे आली की ‘घेतली, घेतला, दिले, बायकोने बनवली’ ही रूपे एकाखाली एक लिहून शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा: इथे क्रियापद कोणाकडे बघून बदलले? उत्तर वर्गातूनच येते, कारण चारही वाक्ये समोर आहेत. मग दुसरा प्रश्न: ‘विसरलो’ का बदलले नाही? याला नियम नाही, यादी आहे. विसरणे, शिकणे, पिणे, बोलणे अशी काही क्रियापदे कर्म असले तरी कर्त्याबरोबरच राहतात. ही यादी त्याच दिवशी द्यायलाच हवी. नाहीतर नव्या नियमाच्या उत्साहात विद्यार्थी पुढच्या आठवड्यात ‘मी मराठी शिकली’ म्हणेल, आणि ती चूक शिक्षकाची असेल. या सगळ्यात शिक्षकाचे बोलणे कमी आणि विद्यार्थ्यांचे जास्त हवे. वीस मिनिटांतली पंधरा शिक्षकच बोलला, तर ते व्याकरणाचे व्याख्यान झाले, सुधारणा नव्हे.

यानंतरची पायरी बहुतेक वर्गांत गळते आणि पद्धत तिथेच फसते. फळा पुसून तास संपवायचा नाही. त्याच विद्यार्थ्याने तोच रविवार, या वेळी वेगळ्या जोडीदाराला, तीनऐवजी दोन मिनिटांत पुन्हा सांगायचा. आशय आता ओळखीचा असल्याने काय सांगायचे याचे ओझे उतरलेले असते, आणि मोकळे झालेले लक्ष रूपांकडे जाऊ शकते. एकच काम पुन्हा करून घेण्याचा हा लाभ मार्टिन बायगेट यांनी आपल्या संशोधनातून दाखवला; पॉल नेशन यांनी प्रचारात आणलेली चार, तीन, दोन मिनिटांची पद्धतही याच जातीची. दुसऱ्या फेरीत शिक्षकाने फक्त एकच गोष्ट ऐकावी: ‘घेतलो’, ‘दिलो’ अजून किती येतात आणि विद्यार्थी मध्येच थांबून स्वतः किती वेळा दुरुस्त करतो. ‘घेतलो… घेतली’ असे स्वतःहून झालेले वळण हे पहिले खरे यश आहे. बिनचूक वाक्यापेक्षाही त्याला महत्त्व आहे, कारण बिनचूक वाक्य नुकतेच फळ्यावर पाहिलेलेही असू शकते. म्हणूनच खरी परीक्षा आठवड्याने घ्यावी, आणि विषय बदलून. मंडईऐवजी प्रवास दिला की ‘मी तिकीट काढले, बॅग ठेवली, डबा खाल्ला’ अशी वेगळ्या क्रियापदांची वाक्ये लागतात. तिथेही कर्माकडे बघण्याची सवय दिसली, तर काहीतरी शिकले गेले. तिथे पुन्हा ‘बॅग ठेवलो’ आले, तर त्याला फळ्यावरची चार वाक्ये पाठ झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा की चूक तशीच जाऊ दिली तर ती पक्की होते, आणि ऐकणारेही ती उचलतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर भाषा म्हणजे सवयींचा संच असे मानणाऱ्या अध्यापनाचा हा पाया होता आणि आपल्याकडच्या अनेक शिक्षकांच्या मनात तो अजून भक्कम आहे. पण आपल्या नमुन्यातला अधिकारी ‘घेतलो’ वर्गात पहिल्यांदा म्हणत नाही. तो ते बँकेत, बसमध्ये, घराच्या दारात रोज म्हणतो. अर्ध्या तासात आणखी चारदा म्हटल्याने ते अधिक पक्के होईल ही भीती प्रमाणाबाहेरची आहे. चूक पक्की होण्याचा धोका खरा आहे, पण तो येतो ती कधीच हाताळली न गेल्याने. एकोणिसशे एकोणऐंशी ते चौऱ्याऐंशी या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्यातही शिक्षक चुका सुधारत होते. फक्त त्या सुधारणा कामाच्या ओघात, थोडक्यात आणि व्याकरणाचा पाठ न काढता व्हाव्यात असा कटाक्ष होता. आशयाला पहिला मान देणाऱ्या प्रयोगानेही सुधारणेला हद्दपार केले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आमचे म्हणणे त्यापुढे एक पाऊल जाते: सुधारणा व्हावी, पण ती निवडून, एकत्र आणि पुन्हा बोलायला लावून व्हावी.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडूनच येतो. फी भरून येणारा प्रौढ म्हणतो, ‘सर, माझे चुकले की लगेच सांगा.’ रेनेट शुल्झ यांनी अमेरिका आणि कोलंबियातल्या विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या मतांची तुलना केली, तेव्हाही शिक्षकांपेक्षा विद्यार्थ्यांनाच सुधारणा जास्त हवी असते हे दिसले होते. ही मागणी झिडकारू नये. तिच्यामागे एक रास्त भीती असते: शिक्षक ऐकतच नाहीत, किंवा कंटाळून सोडून देतात. म्हणून पहिल्याच तासाला करार स्पष्ट करावा की मी अडवणार नाही, पण सगळे लिहितो आहे आणि शेवटची वीस मिनिटे तुमच्या वाक्यांचीच असतील. त्यावर ज्याला हवे त्याला त्याच्या स्वतःच्या चार वाक्यांची चिठ्ठी घरी न्यायला द्यावी, चुकलेले वाक्य लिहिलेली आणि बरोबर रूपाची जागा मोकळी ठेवलेली. वहीतली स्वतःची शब्दशः वाक्ये पाहिली की तक्रार बहुधा मिटते, कारण आपल्याला इतक्या बारकाईने कोणी ऐकले याचा पुरावाच हाती येतो. काही वेळा मात्र बोलणे चालू असतानाच हस्तक्षेप करावा लागतो, आणि तो करायला कचरू नये. ऐकणाऱ्यांना अर्थच लागेनासा झाला, विद्यार्थी शब्द शोधत मदतीसाठी पाहू लागला, किंवा एखादे रूप अपमानकारक ठरत असेल, तर तो शब्द द्यावा आणि मागे सरावे.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो मराठीपुरता आहे. कर्नाटक सीमेलगतच्या मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालवलेली अशी रूपे आजही ऐकू येतात. मग मातृभाषा मराठी असलेल्या माणसाच्या तोंडचे रूप कन्नडभाषकाच्या तोंडी चूक कसे ठरते? याचे उत्तर भाषेच्या शुद्धतेत शोधू नये, विद्यार्थ्याच्या कामात शोधावे. पुण्याच्या शाखेत बसणाऱ्या अधिकाऱ्याला प्रमाण बोलीची रूपे हवी आहेत, आणि ती त्याला द्यावीत; पण ‘असे कोणी मराठी बोलतच नाही’ असे मात्र म्हणू नये, कारण ते खरे नाही आणि उद्या त्याची बदली सीमाभागात झाली तर त्यालाच ते कळेल. ही चर्चा वर्गात शक्य होते ती सुधारणा बोलण्याच्या बाहेर काढल्यामुळे. वाक्य तोडून ‘घेतली’ म्हणणाऱ्याला प्रदेशाचा, प्रसंगाचा, प्रतिष्ठेचा प्रश्न मांडायला जागाच नसते. त्याच्या एका शब्दात निवाडा तेवढा असतो.

या पद्धतीच्या मर्यादा दोन आहेत. उच्चाराच्या काही गोष्टी उशिराने हाताळता येत नाहीत. ‘सगळे’ऐवजी ‘सगले’ म्हटलेले वीस मिनिटांनी विद्यार्थ्याला आठवत नाही, आणि फळ्यावर लिहिले की ते ऐकूही येत नाही. ‘ळ’चा सराव वेगळा आणि तत्काळ सुधारणेचाच असावा. दुसरी मर्यादा शिक्षकाच्या तयारीची. ‘वांगी घेतलो’ आणि ‘छत्री विसरलो’ यांतला फरक ज्याला क्षणात दिसत नाही, त्याला पूर्ण ऐकूनही निदान करता येणार नाही. मातृभाषा बोलता येणे आणि ती कशी चालते हे सांगता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी शिकवणाऱ्या बहुतेकांना दुसरी कोणी शिकवलेली नसते. म्हणून पुढच्या प्रकरणांची मांडणी व्याकरणाच्या क्रमाने न करता चुकांच्या कुळांप्रमाणे केली आहे: भूतकाळातला कर्ता-कर्माचा मेळ, सामान्यरूप, नपुंसकलिंग, ‘आम्ही’ आणि ‘आपण’, होकार-नकाराची रूपे. प्रत्येक प्रकरणात आधी नमुन्याचे बोलणे आहे, मग त्यातून काय टिपावे, काय सोडावे आणि फळ्यावर कोणती वाक्ये न्यावीत याची चर्चा आहे. शिक्षकाने नमुना वाचून आधी स्वतः निवड करावी, मग आमची पाहावी. दोन्ही जुळल्या नाहीत तरी बिघडत नाही. आपण हे वाक्य घेतले आणि ते सोडले ते का, याचे कारण प्रत्येक वेळी सांगता आले पाहिजे, आणि तेवढा वेळ स्वतःला द्यायची सवय लागली तर या पुस्तकाचे काम झाले.